काळ्या पट्टीवरून धावणाऱ्या लाइन फॉलोअर रोबोच्या सादरीकरणाला परीक्षक काय विचारतील?

पहिला प्रश्न बहुधा असा येईल: "सेन्सरचं रीडिंग उड्या मारतं, तर काय केलंस?" "सरासरी घेतली" एवढ्यावर थांबू नकोस, कारण पुढचा प्रश्न त्या सरासरीची किंमत विचारणारा असतो. समज, दर 5 मिलिसेकंदांनी घेतलेल्या 8 रीडिंगची चालती सरासरी आहे. ती साधारण 17.5 मिलिसेकंद मागे राहते. रोबो सेकंदाला अर्धा मीटर धावत असेल, तर तेवढ्यात तो जवळपास 9 मिलिमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे नेहमीच्या काळ्या पट्टीची अर्धी रुंदी! म्हणूनच वळणावर तो डुलतो. सरासरी काढून टाकली तर Kd, म्हणजे चूक किती वेगाने बदलतेय त्याला गुणणारा आकडा, नॉइज वाढवतो आणि मोटर थरथरते. मी असतो तर 3 रीडिंगवर थांबलो असतो.

मग विचारतील, "खिडकीजवळ नेला तर?" सेन्सर आपल्या एलईडीचा परत आलेला इन्फ्रारेड प्रकाश मोजतो, आणि उन्हातही इन्फ्रारेड असतं, त्यामुळे काळ्या-पांढऱ्यातला फरक आकसतो. एलईडी बंद ठेवून एक रीडिंग घे, चालू करून दुसरं घे आणि वजाबाकी कर. पण थेट उन्हात सेन्सर संपृक्त झाला, की दोन्ही रीडिंग एकाच टोकाला चिकटतात आणि वजाबाकी शून्याजवळ येते. तिथे काळ्या पुठ्ठ्याचा आडोसाच लागतो. तो सोबत ने.