अज्ञानाच्या पडद्याचा विचार वापरून श्रीमंतांवरचा जादा कर न्याय्य आहे का, हे असाइनमेंटमध्ये कसं ठरवायचं?

पडद्यामागची माणसं, म्हणजे समाजात आपली जागा कोणती हे माहीत नसलेली माणसं, कराचा दर ठरवत नाहीत, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. ती समाजाच्या मूळ रचनेची तत्त्वं निवडतात. हा विचार मांडणारा तत्त्वज्ञ जॉन रॉल्स, त्याने १९७१च्या ग्रंथात चार टप्पे मांडलेत: आधी तत्त्वं, मग संविधान, मग कायदे आणि शेवटी अंमलबजावणी. दर टप्प्याला पडदा थोडा वर जातो. कर तिसऱ्या टप्प्यावर येतो. तिथे अर्थव्यवस्था कशी चालते, कोणत्या गटाचं उत्पन्न साधारण किती, कर वाढला की लोक काम किती आखडतात, हे सगळं माहीत असतं. आपण स्वतः त्यात कुठे आहोत, एवढंच माहीत नसतं.

आता एक उदाहरण घ्या. समाजात सारख्या आकाराचे तीन गट आहेत. कर नसेल तर त्यांच्या हाती येतात १०, ४० आणि १०० एकक. मध्यम कर लावून ती रक्कम खाली वळवली तर वरचे लोक काम थोडं आखडतात आणि उरतात १८, ३८ आणि ७०. जबर कर लावला तर वरचे लोक काम आणि गुंतवणूक इतकी कमी करतात की १६, ३० आणि ४० उरतात. रॉल्सचं भेद तत्त्व सर्वांत खालच्या गटाला कशात जास्तीत जास्त मिळतं हे बघतं, म्हणून मध्यम कर निवडतं. तिसऱ्या पर्यायात विषमता सर्वांत कमी असूनही तो बाद होतो. भेद तत्त्व म्हणजे समानता असं लिहिणाऱ्यांचे गुण इथेच जातात.

अर्थतज्ज्ञ जॉन हर्सानीने तर रॉल्सच्या ग्रंथाआधीच, १९५०च्या दशकात, जवळपास अशाच पडद्यातून वेगळं उत्तर काढलं होतं. आपण कोणीही असण्याची शक्यता सारखी धरा आणि सरासरी समाधान पाहा. नुसत्या उत्पन्नाची सरासरी काढली तर ५०, ४२ आणि सुमारे २९ येते, म्हणजे कर नकोच. पण श्रीमंताला मिळालेल्या जादा एककाचं समाधान गरिबाइतकं नसतं. समाधान उत्पन्नाच्या लॉगॅरिदमप्रमाणे वाढतं असं मानलं तर मध्यम कर जिंकतो. वर्गमुळाप्रमाणे मानलं तर पुन्हा शून्य कर. पडदा तोच, आकडे तेच, निकाल मात्र फिरतो. तुमच्या असाइनमेंटचा गाभा हाच असू द्या.

हे तळमळीने लिहितोय, कारण माझ्या अशाच असाइनमेंटवर प्राध्यापकांनी लाल शाईत शेरा मारला होता: 'हा न्याय नव्हे, भित्रेपणा.' मी त्यांच्या खोलीत गेलो आणि वाद बराच लांबला. सरांचं म्हणणं असं, की खाली पडण्याची शक्यता एक तृतीयांशच असेल तर शहाणा माणूस पहिल्या पर्यायावर डाव लावेल; रॉल्सने माणसं आधीच घाबरट गृहीत धरली. मी विचारलं, 'सर, हे एक तृतीयांश आलं कुठून?' मूळ स्थितीत, म्हणजे तत्त्वं निवडण्याच्या पहिल्या टप्प्यावर, तेही झाकलेलंच असतं. शिवाय हा डाव एकदाच आणि अख्ख्या आयुष्यावर लागतो, त्याची भरपाई पुढच्या खेळीत होत नाही. त्यावर त्यांनी खरंच चांगला मुद्दा काढला: कायद्याच्या टप्प्यावर गटांचे आकार कळतात, मग शक्यताही कळते. हो, कळते. पण तोवर तत्त्व ठरून गेलेलं असतं. कायदा करणाऱ्याने ते लागू करायचं असतं, नव्याने पैज लावायची नसते. सरांनी गुण वाढवले नाहीत. माझं मत आजही तेच आहे.

आपल्या सिद्धांताच्या २००१च्या फेरमांडणीत तर रॉल्सने भेद तत्त्वाचा भार जोखमीच्या हिशेबावर ठेवलेलाच नाही. तिथे आधार आहे परस्परतेचा: वरच्याला जास्त मिळावं, पण खालच्यालाही पटेल अशा कारणाने. पहिल्या पर्यायात खालचा गट विचारू शकतो, 'आमचे ८ एकक कशासाठी गेले?' आणि 'वरच्यांना ३० जास्त मिळावेत म्हणून' यापलीकडे उत्तर नाही. मध्यम करात वरचा गट हाच प्रश्न ३० एककांबद्दल विचारेल, पण त्याला उत्तर आहे: तरीही तुम्ही सर्वांत वरच आहात, आणि त्या करामुळेच खालचे १० वरून १८ वर आले.

हे आकडे मी मांडणीसाठी घेतलेत. खऱ्या धोरणात कर वाढल्यावर लोक काम किती कमी करतात यावर सगळं अडतं, आणि ते अर्थशास्त्राकडूनच घ्यावं लागतं. भेद तत्त्वाच्या आधी मूलभूत स्वातंत्र्यं आणि संधीची न्याय्य समानता येतात, हेही नोंदवा. रॉल्सने सुचवलेला वारसा कर याच दोन गोष्टींसाठी आहे, तिजोरी भरण्यासाठी नाही. उलट महसुलासाठी त्याला खर्चावरचा एकाच दराचा कर चालतो. चढत्या दराचा प्राप्तिकर तो प्रत्यक्षातल्या अन्यायी व्यवस्थांसाठी राखून ठेवतो. तेव्हा 'रॉल्स म्हणजे श्रीमंतांवर चढता कर' असं सरळ समीकरण लिहू नका. आणि परीक्षकांनी भित्रेपणाचा मुद्दा काढलाच, तर ती शक्यता त्यांनी कोणत्या टप्प्यावरून उचलली, हे जरूर विचारा.