जुन्या कोब्यावर कोटिंग, शीट की नवा कोबा?

प्रश्न: गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा वीस वर्षांचा आहे आणि दोन पावसाळे वरच्या खोलीत गळतंय. एक कंत्राटदार वरून कोटिंग मारा म्हणतो, दुसरा डांबरी शीट टाका म्हणतो, तिसरा जुन्यावरच नवा कोबा करा म्हणतो. कोणाचं ऐकू?

उत्तर: आधी एवढं बघा, की पाऊस थांबल्यावर गळती कधी थांबते. दोन-चार तासांत थांबत असेल तर पाणी बहुधा थेट वाटेने येतंय: पाइपाचं तोंड, कठड्याचा सांधा किंवा एखादी मोठी भेग. तेवढंच दुरुस्त करून बघता येईल. पण उघडीप पडून चार दिवस झाले तरी छत टिपकतच असेल, तर कोब्याच्या पोटात पाणी साठलंय, आणि मग वरून काय लावायचं हा प्रश्न नंतरचा.

कोबा पाणी अडवतो तो मुख्यतः उतार आणि वरचा घोटलेला सिमेंटचा थर यांच्या जोरावर. आतले विटांचे तुकडे पाणी पितात. साध्या विटेने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषलं तरी भारतीय मानकानुसार ती वीट चालते. वरचा थर दुपारी तापून पसरतो, पहिल्या सरीला एकदम आकसतो, आणि असं वर्षानुवर्षं होऊन त्यात केसासारख्या भेगा पडतात. त्यातून पाणी आत शिरतं भराभर, बाहेर पडतं ते वाफेच्या रूपाने, सावकाश. शिवाय ते स्लॅबच्या पाठीवरून सरकत जाऊन जिथे स्लॅब कच्चा असेल तिथे खाली उतरतं. म्हणून टिपकणाऱ्या जागेच्या बरोबर वरची भेग बुजवून सहसा काही होत नाही.

आता अशा ओल्या कोब्यावर कोटिंग मारलं की काय होतं ते सांगतो. एका इमारतीत पाऊस संपल्यावर लगेच ॲक्रिलिक कोटिंग झालं होतं. गच्ची वरून कोरडी दिसत होती. उन्हाळ्यात त्यावर बशीएवढे फुगे आले. एक फुगा कापला तर आत ओल आणि कोटिंगच्या पडद्याची मागची बाजू स्वच्छ. म्हणजे आतल्या पाण्याची वाफ होऊन तिने पडदा उचलला होता. मागच्या बाजूला सिमेंटची भुकटी चिकटून आली असती तर दोष वेगळा ठरला असता: पृष्ठभाग खरवडून, धुऊन न घेताच माल लावला. कंत्राटदाराशी वाद झाला तर ही खूण उपयोगी पडते.

ॲक्रिलिकचं आणखी एक दुखणं म्हणजे तुंबलेलं पाणी. उन्हात ते चांगलं टिकतं, पण डबक्याखाली दिवसचे दिवस राहिलं की मऊ पडून सुटतं. पॉलियुरेथेन पाण्याखाली जास्त तग धरतं, मात्र त्यातल्या स्वस्त प्रकारांची उन्हाने भुकटी होते, त्यामुळे वरून ऊन सोसणारा थर लागतो. दोन्ही प्रकार भेगेवर नेमके तिथेच फाटतात, कारण भेग उघडते तेव्हा सगळा ताण पडद्याच्या अगदी अरुंद पट्टीवर येतो. भेगांवर आणि कोपऱ्यांत जाळीचं कापड घालायचं ते यासाठी. कोटेशनमध्ये ते नसेल तर विचारा.

डांबरी शीट ३ किंवा ४ मिलिमीटर जाडीची कारखान्यातूनच येते, त्यामुळे कामगाराने पातळ मारण्याची भीती नाही. ती हरते जोडांवर आणि कडांवर. एका शीटची कड दुसरीवर किमान १०० मिलिमीटर चढलेली हवी आणि तो जोड पूर्ण वितळून चिकटायला हवा. कठड्यावर चढवलेली कड खाचेत दाबून बंद केली नाही तर काही वर्षांत ती सुटून पुढे झुकते आणि पाणी मागून शिरतं. मग ते शीटखाली कुठेही फिरतं आणि शिरलेली जागा सापडता सापडत नाही. आणि ओल्या कोब्यावर फुगे हिलाही येतात.

जुन्यावर नवा कोबा मात्र अजिबात नको. सरासरी साडेचार इंच जाडी धरली तर १०० चौरस मीटरला सुमारे २३ टन वजन होतं. तेवढंच पुन्हा त्याच स्लॅबवर चढवायचं, तेही गळतीने सळ्या गंजल्या असण्याची शक्यता असताना?

उन्हाळ्यात असं करा. हातोडीने गच्ची ठोकत जा, पोकळ वाजेल तिथे खडूने खूण करा. मग दोन-तीन ठिकाणी मीटरभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दुसऱ्या दिवशी उचला. खाली थेंब नसतील आणि पोकळ जागा तुरळक असतील तर त्या जागा फोडून भरा आणि कापड घालून पॉलियुरेथेन करा. प्लास्टिकखाली थेंब दिसले तर आणखी वाळू द्या. एप्रिल-मे उलटूनही दिसत राहिले, किंवा बरीच गच्ची पोकळ वाजली, तर कोबा काढायलाच हवा. तो लहान यंत्राने किंवा छिन्नीने काढा, मोठ्या ब्रेकरने स्लॅबला तडे जातात. स्लॅब उघडा झाला की भेगा आणि पाइपाची तोंडं दुरुस्त करून पडदा थेट स्लॅबवर लावा, २ दिवस पाणी भरून ठेवा, खालून छत बघा आणि ते कोरडं राहिलं तरच वर उताराचा पातळ थर घालू द्या. शेवटचा हप्ता या चाचणीनंतरच द्यायचा, हे करारात आधीच लिहून घ्या.