‘निधन झाले’ की ‘निधन झाले आहेत’?

“आमच्या आजी मंगळवारी रात्री दीड वाजता गेल्या. लातूरच्या वर्तमानपत्रासाठी मजकूर असा केलाय: ‘कै. (नाव) यांचे १४/१/२०२५ रोजी वृध्दापकाळाने निधन झाले आहेत. ती वारकरी होती. तिच्या पश्च्यात दोन मुले, सूना, नातवंडे असा परिवार आहे.’ काही चुकलंय का?”

आजींना आदरांजली. घाईत आणि दुःखात लिहिलेल्या मजकुरात हे होतंच. आदर दाखवायचा म्हणून तुम्ही ‘आहेत’ लावलंत, पण या वाक्यात क्रियापद आजींच्या मागे जात नाही, ‘निधन’ या शब्दामागे जातं. निधन एकच, नपुंसकलिंगी. म्हणून ‘निधन झाले’. आजींचा मान ‘यांचे’मध्ये आला आहे. पुढच्या वाक्यात मात्र आजीच कर्ता आहेत, तिथे ‘ती होती’ नको, ‘त्या वारकरी होत्या’ हवं. ‘त्यांनी वारी केली’ असं लिहिलंत तर क्रियापद पुन्हा वारीकडे वळेल, ‘केल्या’ होणार नाही. एकदा ‘यांचे’ म्हटल्यावर ‘तिच्या’ही नको, ‘त्यांच्या पश्चात’ लिहा, ‘पश्च्यात’ नव्हे.

‘वृध्दापकाळ’मध्ये ध आणि द यांची अदलाबदल झाली आहे. आधी अर्धा द, मग ध: वृद्ध. टाइप करताना द, हलन्त, ध असा क्रम ठेवा. ‘श्रद्धांजली’तही हीच गफलत फार दिसते. ‘सून’मधला ऊ दीर्घ असला तरी अनेकवचनात तो ऱ्हस्व होतो: सुना. आणि निधनाची बातमीच देतोय, तर नावाआधी ‘कै.’ नको, ‘श्रीमती’ पुरे. ‘कै.’ पुढे पुण्यस्मरणाच्या मजकुरात येईल.

आता तारीख, कारण लोक तिच्यावरूनच दिवस मोजतात. घरात आपण ‘मंगळवारी रात्री’ म्हणतो, कारण पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. इंग्रजी तारीख मध्यरात्रीच बदलते, म्हणून दीड वाजता बुधवार, १५ जानेवारी लागला होता. मृत्यूच्या दाखल्यावरही तीच तारीख येईल. पण दहावा १४पासून मोजला तर २३ला येतो, १५पासून मोजला तर २४ला. गुरुजींना विचारून दशक्रियेचा दिवस स्वतंत्र छापा, म्हणजे गंगाखेडला गोदाकाठी येणारे पाहुणे एक दिवस आधी किंवा नंतर पोचणार नाहीत. महिना अक्षरांत लिहा.

मजकूर असा द्या:

“श्रीमती (पूर्ण नाव) यांचे बुधवार, दि. १५ जानेवारी २०२५ रोजी पहाटे १.३० वाजता वृद्धापकाळाने निधन झाले. त्या ८२ वर्षांच्या होत्या. त्या वारकरी होत्या. त्यांच्या पश्चात दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.”

वय मी नमुन्यादाखल घातलं आहे. ‘८२व्या वर्षी’ लिहिलंत तर ८१ पूर्ण झाली होती असा अर्थ होतो, तेव्हा जन्मतारखेवरून पाहून घ्या.