कूलर बदलला आणि पीसी सुरूच होईना? आधी प्रोसेसरच्या पिना बघा

पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच, असा प्रश्न एका वाचकाने पाठवलाय; त्यांना उत्तर: लगेच नवा मदरबोर्ड घेऊ नका. तुमचा रायझन प्रोसेसर एएम४ सॉकेटचा आहे आणि जुना कूलर ओढताना प्रोसेसर त्यालाच चिकटून वर आला, असं तुम्ही लिहिलंय. प्रोसेसर आणि कूलरमधल्या वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे असं होतं. सॉकेटचा लिव्हर बंद असतानाच तो उपसला गेला, म्हणून पिना वाकल्या असाव्यात.

पॉवर केबल काढा, प्रोसेसर कडांना धरून उलटा करा. वरून बघून काही कळणार नाही. डोळ्यांच्या पातळीवर धरून बाजूने मोबाईलचा टॉर्च मारा आणि पिनांच्या ओळींमधून आरपार बघा, आधी उभ्या, मग आडव्या. जिथे ओळीतली फट बुजलेली दिसेल, तिथली पीन वाकलेली. माझ्या एका प्रोसेसरची कोपऱ्यातली एकच पीन शेजारणीला टेकली होती, तेवढ्यावर मशीन बंद!

शिसं काढलेल्या पेन पेन्सिलीचं टोक पिनेवर बसवा आणि अगदी थोडं थोडं सरळ करा. मागेपुढे वाकवत राहिलात तर ती तुटेल.

बसवताना लिव्हर पूर्ण वर हवा. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. प्रोसेसर स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे; एक कोपरा जरी उचललेला राहिला, तरी दाबू नका, काढून पुन्हा ओळी तपासा.

पुढच्या वेळी कूलर काढण्याआधी पीसी दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्या. मग बंद करून कूलर हलकेच डावीउजवीकडे फिरवत सोडवा.