तिसरं बोट रोज नव्याने का शोधावं लागतं?

"माझं वय ६१. आठ महिने झाले, व्हायोलिन शिकतेय. माझ्यानंतर दोन महिन्यांनी आलेली नऊ वर्षांची मुलगी पुढे निघून गेली. काल तासभर घासून बसवलेलं आज हातातून गेलेलं असतं. या वयात मेंदू वळतच नाही का? का ही विसराळूपणाच्या आजाराची सुरुवात आहे? सोडून द्यावं का?"

आधी आजाराची भीती बाजूला काढू, कारण ती मनात असताना दुसरं काही ऐकू येत नाही. या ताई समोर बसल्या तेव्हा मी विचारलं, की काल काय वाजवलं होतं? त्यांनी कुठली धून, कुठल्या ओळीत अडलं आणि सर काय म्हणाले, हे सगळं धडाधड सांगितलं. म्हणजे कालचा रियाज डोक्यात पक्का होता, बोटात नव्हता. या दोन आठवणी वेगळ्या. घडलेली गोष्टच पुसली जाणं, तेच तेच विचारणं, रोजचे हिशेब चुकायला लागणं, आणि हे आपल्याआधी घरच्यांच्या लक्षात येणं, असं असतं तर मी त्यांना थेट मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. यातलं काहीच नव्हतं.

मग रियाज कसा करता ते विचारलं. रात्री सगळं आवरल्यावर सलग दीड-दोन तास. धून पहिल्यापासून सुरू करायची, पाचव्या ओळीत चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी शेवटी बरं वाजायचं, त्या समाधानात झोपायच्या आणि सकाळी पाटी कोरी! माझ्या मते घोळ वयात कमी आणि या दीड तासात जास्त होता.

वयाचं म्हणणं पूर्ण खोटं नाही, तेही सांगते. १९९५ साली तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूचा एक अभ्यास झाला. डाव्या हाताच्या बोटांचा स्पर्श नोंदवणारा मेंदूचा भाग त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा दिसला, आणि ज्यांनी लहानपणी सुरुवात केली होती त्यांच्यात सगळ्यात जास्त. कुठलाही सूर नुसता ऐकून, दुसऱ्या सुराचा आधार न घेता ओळखण्याची क्षमताही बहुतेक सहा-सात वर्षांच्या आत संगीत सुरू केलेल्यांमध्येच आढळते. ते दार ताईंसाठी बंद आहे. पण व्हायोलिन वाजवायला त्याची गरज नसते, दोन सुरांमधलं अंतर कानाला कळलं की पुरतं, आणि ते मोठेपणीही शिकता येतं.

मग मोठेपणी बदलतं काय? लहान मुलाच्या मेंदूतल्या जोडण्या नुसत्या कानावर पडण्यानेही बदलतात. पुढे या बदलाला ब्रेक लागतात. चेतापेशींभोवती जाळीसारखं आवरण तयार होतं आणि जोडण्या स्थिरावतात. हे बरंच आहे म्हणा, नाहीतर रोजच्या रोज कमावलेलं सगळं विस्कटलं असतं. ब्रेक सैल होतो तो लक्ष एकवटल्यावर, कारण त्या वेळी मेंदूच्या तळाकडच्या भागातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं. १९९८ साली प्रौढ उंदरांमध्ये हाच भाग उद्दीपित करून सोबत एक ठरावीक सूर ऐकवला, तर त्या सुरासाठी मेंदूतली जागा वाढली. थोडक्यात, मुलाला जे आपसूक मिळतं ते मोठ्या माणसाला लक्ष देऊन मिळवावं लागतं. दिवसभर थकल्यावर दीड तास टिकणारं लक्ष कोणाकडे असतं? आणि लक्ष उडाल्यावर वाजवलेली चूकही वळण पाडतेच.

आता नेमकी चूक. व्हायोलिनवर पडदे नसतात, बोट जिथे पडेल तो सूर. ताईंचं तिसरं बोट जरा मागे पडून सूर उतरायचा. त्या ऐकायच्या, बोट सरकवून दुरुस्त करायच्या आणि पुढे जायच्या. असं शेकडो वेळा झाल्यावर मेंदू काय शिकणार? 'मागे टेका, मग सरकवा' हेच.

सरांशी बोलून आम्ही रियाज बदलला. त्यांचं वाद्य जी, डी, ए, ई असं मिळवलेलं आहे. डी तारेवर तिसरं बोट बरोबर पडलं तर जी हा सूर येतो आणि शेजारची मोकळी जी तार आपोआप थरथरते, आवाज खुलतो. सूर उतरलेला असेल तर ती तार गप्प. म्हणजे बरोबर की चूक, हे त्याच क्षणी कळतं, कोणी सांगायला नको. नियम एकच केला, की सरकवायचं नाही. चुकलं तर बोट पूर्ण उचला, थांबा, सूर मनात ऐका आणि पुन्हा टेका. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी पंधरा, मध्ये पूर्ण दिवस. धुनेच्या फक्त तीन छोट्या ओळी, त्याही आलटून पालटून. एकच ओळ सलग वीसदा वाजवली की त्या बैठकीत छान वाटतं, पण दुसऱ्या दिवशी कमी उरतं. अदलाबदल केली की त्या वेळी अडखळायला होतं आणि उरतं जास्त.

मोजमापही बदललं. रात्रीचा शेवटचा प्रयत्न मोजायचा नाही. सकाळी वाद्य मिळवून, हात न तापवता पहिल्या दहा टेकण्या मोबाईलवर रेकॉर्ड करायच्या. शिकलेलं झोपेत पक्कं होतं, उतारवयात हे काम जरा कमी नीट होतं, म्हणून खरा आकडा सकाळचाच. पहिल्या दिवशी दहापैकी तीन बरोबर. दुसऱ्या आठवड्यात ताई रडकुंडीला आल्या, आकडा दोनवर घसरला होता. जुनं वळण मोडताना असं होतं, हे मला आधी सांगायला हवं होतं, राहून गेलं. पाचव्या आठवड्यात तो सात झाला आणि टिकला.

त्या मुलीला वर्गात नीट बघा, असंही सुचवलं होतं. ताईंनी येऊन सांगितलं, "तिला सर चारच मात्रा देतात हो, आणि मी दोन पानं मागून घेते. ती बेसूर वाजलं तरी हसते." मुलीचा हात अजूनही पुढे आहे आणि जलद तुकड्यांत राहीलही. साधारण साठीच्या लोकांना तीन चेंडू झेलायला शिकवलं तेव्हा, २००८च्या अभ्यासात, तरुणांच्या मानाने कमी जणांना ते साधलं. पण ज्यांना साधलं त्यांच्या मेंदूच्या रचनेत बदल दिसले, आणि तीन महिने सराव सोडल्यावर ते ओसरले. म्हणून प्रवासातही पाच मिनिटं बोटं टेकवत राहा, असं सांगितलं.

दोन गोष्टी मात्र लगेच सांगायच्या असं ठरलंय. बोटाच्या सांध्यात दुखलं तर त्या दिवशी थांबायचं. आणि न दुखता एखादं बोट वाजवतानाच आपोआप मुडपायला लागलं, तर जोर लावून रियाज वाढवायचा नाही. अतिसरावाने मेंदूतल्या बोटांच्या जागा एकमेकींत मिसळल्यावरही असं होतं आणि ते तज्ज्ञांनाच दाखवावं लागतं.

सध्या चौथं बोट चाललंय. ते आखूड आहे, पोचत नाही. यात मेंदूचा दोष नाही, सरांनी हाताचा कोन बदलून बघायला सांगितलंय. कालचा आकडा होता दहापैकी एक.