बिझनेस केस आणि फिजिबिलिटी स्टडी यांत फरक काय?

प्रश्न: दोन्हींत नेमका फरक काय? प्रकल्प मंजूर होण्याआधी प्रत्येकात काय हवंच?

फिजिबिलिटी 'जमेल का' ते तपासते, बिझनेस केस 'करावं का' ते ठरवते.

समजा, सोसायटीला गच्चीवर 30 किलोवॉट सोलर बसवायचं आहे. फिजिबिलिटीत सावली न पडणारी जागा (किलोवॉटला साधारण 10 चौरस मीटर), स्लॅबची ताकद, मंजूर वीजभार आणि नेट मीटरिंगची, म्हणजे उरलेली वीज वीज कंपनीला देऊन बिलातून वजा करून घेण्याची, परवानगी तपासलेली हवी. टाकीच्या सावलीमुळे 180 चौरस मीटरच उरले, तर 18 किलोवॉटच बसतील. हे कळणं हेच तिचं काम.

बिझनेस केस त्या 18 वर उभी राहते. रोज किलोवॉटला 4 युनिट धरले तर वर्षाला सुमारे 26,000 युनिट, 10 रुपये दराने 2.6 लाखांची बचत. खर्च 9 लाख धरला तर साडेतीन वर्षांत वसूल. शिवाय 'काहीच न करणं' धरून इतर पर्याय, देखभालखर्च, जोखीम आणि जबाबदार व्यक्तीचं नाव हवं.

घोळ होतो तो क्रमात: विक्रेत्याच्या कोटेशनमधले 30 किलोवॉट धरून बचत मांडतात आणि गच्ची नंतर मोजतात. म्हणून बिझनेस केसमधला प्रत्येक आकडा कुठल्या मोजणीतून आला ते विचारा.