मन नसताना केलेली पूजा

"मी रोज तिन्हीसांजेला दिवा लावते आणि रामरक्षा म्हणते. तोंडाने श्लोक चालू असतात, पण मन ऑफिसात नाहीतर उद्याच्या डब्यात. कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, 'आई, हे ढोंग आहे.' मन लागत नसताना रोज तेच ते करत राहण्यात अर्थ काय?"
– एक श्रोती, मुलुंड

नमस्कार. या पत्राचे उत्तर देण्यासाठी मी गिरगावातल्या एका गृहस्थांची हकिगत सांगणार आहे. ती त्यांच्या संमतीने सांगते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय 52, नोकरी फोर्टमध्ये. वडील गेल्यानंतर घरची देवपूजा त्यांच्याकडे आली. वडिलांना या पूजेला सुमारे 20 मिनिटे लागत. चिरंजीवांनाही पहिले काही महिने तेवढीच लागली, पण माझ्याकडे आले तेव्हा त्यांची पूजा सव्वा तासावर गेली होती, आणि कार्यालयात उशिरा पोहोचण्यावरून त्यांना दोनदा समज मिळाली होती.

वेळ कुठे जातो हे पाहण्यासाठी मी त्यांना आठवडाभर नोंद ठेवायला सांगितली. नोंदीतून दिसले ते असे, की अथर्वशीर्ष म्हणताना मन जरा भरकटले की ते पुन्हा "ॐ नमस्ते गणपतये" पासून सुरुवात करत होते, आणि असे एका सकाळी चार-पाच वेळा, एकदा तर नऊ वेळा घडले होते. कारण विचारल्यावर म्हणाले, "बाबांची पूजा खरी होती. माझी मनापासून होत नाही, म्हणून होईपर्यंत म्हणतो." तुमची मुलगी जे म्हणते तेच हे गृहस्थ स्वतःला म्हणत होते. तिने त्यावरून पूजा सोडावी असा निष्कर्ष काढला, यांनी ती पुन्हा पुन्हा करावी असा काढला, एवढाच फरक.

विधींचा अभ्यास करणाऱ्यांनी या समजुतीकडे बारकाईने पाहिले आहे. कॅरोलिन हम्फ्री आणि जेम्स लेडलॉ या दोन मानववंशशास्त्रज्ञांनी जयपूरच्या श्वेतांबर जैनांच्या पूजेचा अभ्यास करून 1994 मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मंदिरात दिवा ओवाळणाऱ्या, फूल वाहणाऱ्या माणसांना त्यांनी या कृतीचा अर्थ काय असे विचारले, तेव्हा कोणी एक अर्थ सांगितला, कोणी दुसरा, आणि काहींनी आपल्याला ठाऊक नाही असे सरळ सांगितले. तरीही पूजा झाली की नाही याबद्दल त्यांच्यात वाद नव्हता. यावरून या दोघांनी मांडलेला मुद्दा असा, की रोजच्या व्यवहारात आपली कृती कोणती हे बहुधा आपल्या हेतूवरून ठरते, पण विधीत ती आधीच ठरलेली असते, आणि करणारा माणूस त्या तयार आकारात फक्त पाऊल टाकतो. म्हणूनच विधी पुन्हा करता येतो, आजीचा नातवाला करता येतो, आणि मन कुठेही असले तरी तो तोच विधी राहतो.

रॉय रॅपापोर्ट या आणखी एका मानववंशशास्त्रज्ञांनी हेच दुसऱ्या बाजूने सांगितले आहे. विधीतले शब्द आणि हालचाली करणाऱ्याने स्वतः रचलेल्या नसतात. त्या करण्यातून माणूस एखादी व्यवस्था स्वीकारल्याचे जाहीर करतो, आणि हा स्वीकार म्हणजे आतला विश्वास नव्हे. बोहल्यावर उभ्या असलेल्या नवरदेवाचे सारे लक्ष मेहुण्यांनी पळवलेल्या बुटांकडे असले, तरी लग्न लागतेच, आणि पुढे कधी "माझे तेव्हा लक्ष नव्हते" असे म्हणून त्याला सुटता येत नाही. ढोंग म्हणजे नसलेली भावना असल्याचे भासवणे. दिवा लावताना तुम्ही कोणाला काही भासवत नाही. या घरात तिन्हीसांजेला दिवा लागतो, एवढेच तुम्ही म्हणता आणि तेवढे तुम्ही प्रत्यक्ष करता.

गिरगावच्या गृहस्थांना मी जयपूरची गोष्ट सांगितली नाही. वडील पूजा कशी करत, एवढेच विचारले. बराच वेळ आठवून ते हसले आणि म्हणाले, "बाबा गंध उगाळता उगाळता दूधवाल्याशी हिशोब करायचे." मग मी विचारले, शेवटी काय म्हणायचे? त्यांनी सवयीने म्हणून दाखवले, "मन्त्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर, यत्पूजितं मया देव परिपूर्णं तदस्तु मे." मंत्र चुकला, कृती चुकली, भक्तीही कमी पडली, तरी केलेली पूजा पूर्ण मानून घे, अशी ही प्रार्थना आहे. ज्या उणिवेपायी ते रोज पुन्हा पुन्हा मागे जात होते, तिची भरपाई पूजेच्या शेवटी आधीच लिहून ठेवलेली होती आणि ती तेही रोज म्हणत होते. ते गप्प झाले. मीही काही बोलले नाही.

आता एक सावधगिरीची गोष्ट. धार्मिक विधी आणि मनाच्या आजारातली पुनरावृत्ती यांतले साम्य फ्रॉइडने 1907 मध्येच दाखवले होते, आणि मराठीत तर या आजाराला मंत्रचळ असाच शब्द आहे. हल्ली सगळे ओसीडी म्हणतात, पण जुना शब्द मला अधिक नेमका वाटतो. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, म्हणून मी दोन गोष्टी विचारते. पहिली, थांबायचे कधी हे कोण ठरवते? अकरा आवर्तने सांगितली असतील तर अकराव्यानंतर विधी संपतो, मग मनाला काहीही वाटो. मंत्रचळात मात्र "आता नीट झाले" असे वाटेपर्यंत थांबता येत नाही, आणि ते वाटणे दर वेळी पुढे सरकते. दुसरी, सवलत आहे का? सुतकात पूजा थांबते किंवा दुसऱ्याकडे सोपवतात, प्रवासात हात जोडले तरी चालते, ताप असेल तर घरातले कोणीही फूल वाहते. मंत्रचळ अशी सवलत देत नाही, आणि ते काम दुसऱ्या कोणी केलेले चालतही नाही.

या दोन्ही प्रश्नांवर गृहस्थांचे उत्तर चिंता वाटावी असे होते, म्हणून मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. श्लोकाचा अर्थ कळल्याने असा आजार जात नाही. उलट काही जण तो श्लोकच "मनापासून" झाला नाही म्हणून पुन्हा म्हणू लागतात. यांनीही पहिल्या आठवड्यात तेच केले. औषधे सुरू झाली, आणि जोडीला मागे न जाण्याचा सराव ठरला. मन भरकटले तरी पुढची ओळ म्हणायची, अस्वस्थता वाढली तर वाढू द्यायची, शेवटची प्रार्थना एकदाच म्हणायची आणि उठायचे. सुरुवातीचे दिवस त्यांना फार जड गेले. पाण्याचा तांब्या हातात घेऊन ते देवघराच्या दारात उभे राहत आणि परत आत जावे का, याच्याशी झगडत. चार महिन्यांनी पूजा अर्ध्या तासावर आली.

मुलुंडच्या ताई, तुमच्या पत्रात हे दोन्ही धोके मला दिसत नाहीत. रामरक्षा एकदा म्हणून तुम्ही उठता आणि कुकर लावता. मनाचे म्हणाल, तर अडतीस श्लोक पाठ असतात तेव्हा जीभ आपसूक चालते आणि मन मोकळे राहते. ते डब्याकडे गेले म्हणून म्हणणे बिघडत नाही, आणि एखाद्या संध्याकाळी ते अचानक एखाद्या ओळीवर थांबलेच, तर ती ओळ रोज म्हटली जात होती म्हणूनच तिथे होती. मुलीला हे पटवून देण्याची घाई करू नका. एखाद्या दिवशी उशीर झाला, तर दिवा लावशील का, एवढेच तिला फोन करून विचारा.

गिरगावचे गृहस्थ परवा भेटून गेले. आठवड्यातून एखाद्या सकाळी ते अजूनही एकदा मागे जातात आणि तसे वहीत लिहून ठेवतात. गेल्या महिन्यात ताप आला तेव्हा त्यांनी पूजा मुलाला करायला सांगितली. मुलाने ती कानात इयरफोन ठेवूनच केली, आणि हे अंथरुणातून काही बोलले नाहीत.